कर्व्ह्ड की फ्लॅट? मॉनिटर निवडण्याआधी टेबल कसं मोजायचं

मॉनिटर घेताना बहुतेक जण आधी इंच ठरवतात, मग कर्व्ह्ड की फ्लॅट ते ठरवतात, आणि तो टेबलावर बसतो का हे घरी आल्यावर बघतात. हा क्रम उलटा आहे. डोळे आणि स्क्रीन यांच्यातलं अंतर आधी कळलं पाहिजे. त्या अंतरावर किती रुंद स्क्रीन झेपेल हे त्यानंतर कळतं, आणि बाक हवा की नको याचं उत्तर या दोन आकड्यांवरून जवळपास आपोआप येतं. खालचे टप्पे याच क्रमाने करा. मधला एखादा वगळला तर पुढचा आकडा चुकतो.

## तयारी

मेजटेप, एक जुना मोठा पुठ्ठा (फ्रीज किंवा टीव्हीच्या खोक्याचा चालेल), चिकटपट्टी, बारीक अक्षरात छापलेले दोन-तीन कागद, आणि मोजायला मदत करणारं घरातलं कोणीतरी. एवढंच लागतं. सगळी मापं सेंटीमीटरमध्ये घ्या. सुतार टेबल फुटात आणि इंचात सांगतो, दुकानदार स्क्रीन इंचात सांगतो आणि कंपनी मापं मिलिमीटरमध्ये छापते. या गोंधळात चूक होणं सोपं आहे.

टेबल रोज जसं असतं तसंच ठेवून मोजा. आवरून, भिंतीला चिकटवून, खुर्ची सरळ करून मोजलेला आकडा कामाच्या वेळी खरा ठरत नाही.

## टप्पा १ : डोळे टेबलाच्या कडेपासून किती मागे असतात

नेहमीसारखे बसा आणि कीबोर्डवर हात ठेवून पाच-दहा मिनिटं काहीतरी खरं काम करा. काम चालू असतानाच मदतनीसाला बाजूने बघायला सांगा. डोळ्यांच्या कोपऱ्यातून सरळ खाली एक रेघ सोडली तर ती टेबलाच्या पुढच्या कडेपासून किती मागे पडते, ते त्याने मोजायचं. टेबलाला टेकून टाइप करणाऱ्यांचा हा आकडा पाच-सात सेंमी येतो, थोडं रेलून बसणाऱ्यांचा पंधरापर्यंत जातो.

टेबलाखाली सरकता कीबोर्ड ट्रे असेल तर तो बाहेर काढूनच मोजा. ट्रेमुळे माणूस बराच मागे सरकतो आणि हा आकडा एकदम वाढतो. लहान टेबलावर याचा मोठा फायदा होतो, पण तो हिशोबात धरायचं बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

चूक : "आता मोजतायत" हे कळलं की माणूस ताठ बसतो. मोजणाऱ्याने न सांगता मोजलेलं बरं.

## टप्पा २ : स्क्रीन प्रत्यक्षात कुठे उभी राहणार

टेबल ६० सेंमी खोल आहे म्हणजे स्क्रीन ६० सेंमी लांब जाईल, असं होत नाही. स्टँडचे पाय मागेही पसरलेले असतात, त्यांच्या मागे केबल वळायला जागा लागते, आणि स्क्रीनचा पृष्ठभाग स्टँडच्या खांबाच्याही पुढे येतो. यात टेबलाची बरीच खोली जाते. म्हणून मांडणी अशी करा :

डोळ्यांचं अंतर = टेबलाची खोली − स्क्रीन टेबलाच्या मागच्या कडेपासून जितकी पुढे येते ते − केबलसाठी सोडलेली जागा + टप्पा १ चा आकडा

केबलची जागा टेबलाच्या मागे, भिंतीकडे सोडलेली असेल तर ती वजा करायची नाही. स्टँड टेबलावरच पुढे ओढावा लागत असेल तरच करायची.

आता, "स्क्रीन किती पुढे येते" हा आकडा खोक्यावर मिळत नाही. तिथे 'स्टँडसह खोली' लिहिलेली असते आणि त्यात पुढे आलेले पायही धरलेले असतात. हा आकडा काढायचा तर कंपनीच्या पानावरचा बाजूने घेतलेला फोटो उघडा. स्टँडची एकूण खोली माहीत असते. फोटोवर पट्टी ठेवून पायाच्या मागच्या टोकापासून स्क्रीनचा पृष्ठभाग कितव्या भागावर येतो ते बघा आणि त्या प्रमाणात सेंटीमीटर काढा. दुकानात मॉनिटर मांडलेला असेल तर सरळ टेप लावा, कोणी अडवत नाही.

कर्व्ह्ड मॉनिटरच्या बाबतीत इथे एक फसवणारी गोष्ट आहे. बाजूने बघताना त्याच्या पुढे आलेल्या कडा दिसतात. स्क्रीनचा मधला भाग त्यांच्या मागे दडलेला असतो. डोळ्यांचं अंतर नेहमी मधल्या भागापर्यंत मोजायचं, कडेपर्यंत नाही. मधला भाग किती मागे असतो, म्हणजे बाक किती खोल आहे, हे टप्पा ५ मध्ये काढू.

तपासणी : अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा विभागाचं, म्हणजे ओशाचं, मार्गदर्शन डोळे आणि स्क्रीन यांच्यात ५० ते १०० सेंमी ठेवा असं सांगतं. तुमचा आकडा ५० च्या खाली आला असेल तर इथेच थांबा. कर्व्ह्ड-फ्लॅटचा प्रश्न अजून आलेलाच नाही. आधी अंतर वाढवावं लागेल.

अंतर वाढवण्याचा हमखास मार्ग म्हणजे मॉनिटर आर्म. स्टँड जातो, आणि स्क्रीन टेबलाच्या मागच्या कडेला किंवा तिच्याही मागे अधांतरी राहू शकते. मात्र आर्म घडी केल्यावर त्याचं कोपर मागे निघतं. टेबल भिंतीला चिकटलेलं असेल तर ते कोपर भिंतीवर आपटतं आणि स्क्रीन हवी तितकी मागे जात नाही. म्हणून आर्म लावायचा तर टेबल भिंतीपासून साधारण दहा सेंमी पुढे ओढायची तयारी ठेवा, किंवा कोपर बाजूला वळवायला जागा आहे का ते बघा. आर्मचा क्लॅम्प १८ मिमी प्लायवर नीट बसतो. काचेच्या टॉपवर तो कधीही लावू नका.

नुसतं टेबल पुढे ओढून, स्टँड तसाच ठेवून, अंतर एक सेंमीनेही वाढत नाही. तुम्हीही टेबलाबरोबर मागे सरकता.

## टप्पा ३ : इंचांचे सेंटीमीटर करा

खोक्यावरचे इंच तिरके मोजलेले असतात. ३२ इंची आणि ३४ इंची मॉनिटर ऐकायला जवळजवळ सारखे वाटतात, पण ३४ इंची सहसा लांबट प्रमाणाचा असतो आणि रुंदीत नऊ सेंमी जास्त भरतो. उंचीला मात्र तो २७ इंची मॉनिटरएवढाच असतो. आपल्याला इथे फक्त रुंदी हवी आहे.

नेहमीच्या १६:९ स्क्रीनसाठी इंचांना २.२१ ने गुणा. लांबट, म्हणजे २१:९ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्क्रीनसाठी २.३४ ने. उत्तर सेंटीमीटरमध्ये येतं. त्यावरून :

- २४ इंची : सुमारे ५३ सेंमी
- २७ इंची : सुमारे ६० सेंमी
- ३२ इंची : सुमारे ७१ सेंमी
- ३४ इंची लांबट : सुमारे ८० सेंमी
- ४९ इंची अतिलांबट : सुमारे १२० सेंमी

तपासणी : ही फक्त स्क्रीनची रुंदी झाली. टेबलाच्या वर भिंतीतलं कपाट, खिडकीची चौकट किंवा स्विचबोर्ड असेल तर बाहेरची चौकट धरून एकदा मोजा. चार फुटी टेबलावर ४९ इंची मॉनिटर ठेवला की दोन्ही बाजूंना काहीच उरत नाही.

## टप्पा ४ : रुंदीला अंतराने भागा

हा या लेखाचा गाभा आहे. टप्पा ३ ची रुंदी भागिले टप्पा २ चं अंतर. येणाऱ्या आकड्यावरून मी असा निर्णय घेतो :

१ किंवा त्याहून कमी आला तर फ्लॅट घ्या. कडा नजरेच्या आरामाच्या टप्प्यात आहेत, बाकाने फारसा फरक पडणार नाही.

१ ते १.२ च्या दरम्यान दोन्ही चालतात. कशाचं काम करता आणि खोलीत उजेड कुठून येतो यावर ठरवा (टप्पा ७).

१.२ ते १.४ च्या दरम्यान कर्व्ह्ड घ्या. इथे फ्लॅट स्क्रीनच्या कडा खरोखर त्रास देतात.

१.४ च्या वर गेला तर स्क्रीन तुमच्या टेबलासाठी मोठी आहे. लहान घ्या किंवा अंतर वाढवा. बाक या चुकीवर उपाय नाही.

हे आकडे कुठल्या मानकातले नाहीत, माझा ठोकताळा आहे, पण त्यामागे साधी भूमिती आहे. आकडा १ म्हणजे स्क्रीनची कड नजरेच्या मध्यापासून साधारण २७ अंशांवर असते. आकडा १.४ झाला की ती ३५ अंशांवर जाते. तिथे नुसते डोळे फिरवून वाचवत नाही, मान वळवावी लागते. आणि दिवसभर दर मिनिटाला मान वळवायची वेळ आली तर संध्याकाळी खांदे दुखतात.

४९ इंची मॉनिटर या गणितात जवळपास प्रत्येक टेबलावर १.४ च्या वरच येतो. तो एक स्क्रीन म्हणून वापरायचा नसतोच. मधल्या भागात काम आणि दोन्ही टोकांना अधूनमधून बघायच्या गोष्टी, अशा दोन मॉनिटरांच्या बदली तो घेतात. तसा वापर करणार असाल तरच घ्या, आणि मग तो कर्व्ह्डच घ्या.

## टप्पा ५ : बाक किती हवा

कर्व्ह्ड मॉनिटरवर 1000R, 1500R, 1800R असं काहीतरी लिहिलेलं असतं. हा ज्या वर्तुळाचा तुकडा म्हणजे ती स्क्रीन, त्या वर्तुळाची त्रिज्या, मिलिमीटरमध्ये. म्हणजे १५००आर ची त्रिज्या १५० सेंमी. आकडा जितका लहान, तितका बाक जास्त.

या आकड्याचा सगळ्यात जास्त पसरलेला चुकीचा अर्थ असा की १८००आर स्क्रीनपासून १८० सेंमी लांब बसलं पाहिजे. तसं मुळीच नाही. त्या अंतरावर स्क्रीनचा मध्य आणि कडा डोळ्यांपासून सारख्या लांब असतात, इतकंच. त्याच्या आत बसणं हीच नेहमीची गोष्ट आहे आणि त्यात बाकाचा थोडा फायदा मिळतोच. त्याच्या बाहेर मात्र बसू नये. तिथून कडा मधल्या भागापेक्षा जवळ येतात आणि स्क्रीन वाकडी वाटू लागते. १०००आर स्क्रीन ६०-८० सेंमीवरून चांगली दिसते, पण तीच संध्याकाळी पलंगावर बसून सिनेमा बघायला वापरायची असेल तर नको.

बाक नक्की काय करतो, हे एका उदाहरणावर बघू. ३४ इंची स्क्रीन, डोळे ६० सेंमीवर. स्क्रीन फ्लॅट असेल तर तिची कड डोळ्यांपासून ७२ सेंमीवर असते, म्हणजे मध्यापेक्षा १२ सेंमी लांब. मधून कडेला नजर गेली की डोळ्यांना दर वेळी नव्याने जुळवून घ्यावं लागतं. तीच स्क्रीन १५००आर असेल तर कड सुमारे ६७ सेंमीवर येते. फरक साडेसात सेंमीच्या आत राहतो. शिवाय फ्लॅट स्क्रीनच्या कडेकडे आपण जवळपास ३४ अंश तिरकं बघतो, तर १५००आर मध्ये तिची कड आपल्याकडे वळलेली असल्यामुळे हा तिरकेपणा २१ अंशांपर्यंत उतरतो. बरेच कर्व्ह्ड मॉनिटर व्हीए पॅनेलचे असतात आणि व्हीए तिरक्यातून पाहिलं की काळा रंग फिका पडतो, त्यामुळे तिथे हा फायदा डोळ्यांना स्पष्ट दिसतो. आयपीएस पॅनेल तिरक्यातूनही बरंच स्थिर राहतं, म्हणून फ्लॅट घेताना शक्यतो आयपीएस घ्या.

पण एक गोष्ट बाक करत नाही : मान वळवणं कमी करत नाही. उलट कडा पुढे आल्यामुळे त्या नजरेच्या मध्यापासून एक-दोन अंश आणखी बाहेर जातात. "टेबल लहान आहे म्हणून कर्व्ह्ड घेतो, मोठी स्क्रीन मावेल" हा विचार म्हणून चुकतो. लहान टेबलावर मोठी कर्व्ह्ड स्क्रीन ही मोठी स्क्रीनच असते.

बाकाची खोली, म्हणजे मधला भाग कडांच्या किती मागे आहे, हे असं काढा : रुंदीचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट, सगळं सेंटीमीटरमध्ये. ३४ इंचीसाठी ८० गुणिले ८० म्हणजे ६४००. १५००आर साठी ८ गुणिले १५० म्हणजे १२००. उत्तर सुमारे ५.३ सेंमी. १८००आर मध्ये हेच साडेचार सेंमीच्या आसपास येतं, १०००आर मध्ये आठ. टप्पा २ मध्ये फोटोवरून काढलेल्या आकड्यातून ही खोली वजा करा. तेवढा मधला भाग मागे असतो.

तपासणी : २७ इंची स्क्रीनला १५००आर बाक दिला तर खोली जेमतेम तीन सेंमी येते. २७ इंची किंवा त्याहून लहान कर्व्ह्ड मॉनिटरला बाकासाठी जास्त पैसे मोजू नका. फ्लॅटच्याच किमतीत मिळत असेल आणि बाकी सगळं पटत असेल तर हरकत नाही.

## टप्पा ६ : पुठ्ठ्याची चाचणी

कागदावरचा हिशोब झाला, आता तो डोळ्यांना दाखवा. हा टप्पा लोक सर्रास टाळतात, आणि दुकानात उभं राहून दोन मीटरवरून बघून निर्णय घेतात.

१. स्क्रीनच्या मापाचा पुठ्ठा कापा. ३४ इंचीसाठी ८० सेंमी रुंद आणि साडेतेहतीस सेंमी उंच, २७ इंचीसाठी ६० रुंद आणि उंची तीच, साडेतेहतीस.

२. दोन्ही कडांना आणि मधे बारीक अक्षरांचे कागद चिकटवा. अक्षरं तुमच्या कामात असतात तितकीच मोठी हवीत. वर्तमानपत्राचा मथळा लावून उपयोग नाही.

३. टप्पा २ च्या अंतरावर पुठ्ठा पुस्तकांच्या आधाराने उभा करा. वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली.

४. आधी सपाट ठेवून मध्य, डावी कड, मध्य, उजवी कड असं वाचत राहा. मग दोन्ही टोकांना दोरी बांधून ती ताणा, म्हणजे पुठ्ठा वाकेल. दोरीच्या मध्यापासून पुठ्ठ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर टप्पा ५ मधल्या खोलीइतकं झालं की दोरीला गाठ मारा आणि पुन्हा वाचा. पुठ्ठ्याच्या पन्हाळ्या उभ्या येतील असा कापला तर तो एकसारखा वाकतो, नाहीतर मधे मोडतो.

दोन्ही प्रकारांना दहा-पंधरा मिनिटं द्या. पहिल्या मिनिटात सगळंच छान वाटतं. कडेचं वाचताना मान किती वेळा वळली, डोळे बारीक करावे लागले का, शरीर पुढे झुकलं का, याकडे लक्ष ठेवा.

सावध : चाचणीत सपाट पुठ्ठ्याच्या कडाही आरामात वाचता आल्या तर तुम्हाला बाकाची गरज नाही, भागाकार काहीही सांगो.

## टप्पा ७ : काम, उजेड आणि चष्मा

भागाकार १ ते १.२ मध्ये आला असेल तर निर्णय इथे होतो. १.२ च्या पुढे आला असेल तरी हा टप्पा तो उलटवू शकतो.

सरळ रेषांचं काम. कर्व्ह्ड स्क्रीनवर डोळ्यांच्या पातळीतली आडवी रेघ सरळ दिसते. त्याखालच्या रेघांची टोकं खाली झुकल्यासारखी दिसतात, आणि रेघ जितकी खाली तितका झुकाव जास्त. मजकूर, कोड, गेम यांत काही दिवसांत हे जाणवेनासं होतं. पण घराचे नकाशे, कॅड, पुस्तकांची पानमांडणी, फोटोतलं क्षितिज सरळ करणं, असं काम असेल तर फ्लॅटच घ्या आणि रुंदी कमी करून भागाकार १.२ च्या खाली आणा. स्क्रीन उभी फिरवून वापरायची असेल तरीही फ्लॅटच.

उजेड. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये एका बाजूला बाल्कनीचं सरकतं दार आणि समोरच्या किंवा मागच्या भिंतीवर उंच ट्यूबलाइट ही नेहमीची मांडणी. फ्लॅट स्क्रीन थोडी वळवली की प्रतिबिंब निघून जातं. कर्व्ह्ड स्क्रीन वळवली तरी तिचा कुठला ना कुठला भाग खिडकीकडे तोंड करून राहतो, आणि दिव्याचा पट्टा पसरून दिसतो. संध्याकाळी सहा-सातला पुठ्ठ्याच्या जागी एक आरसा धरा आणि डावीकडून उजवीकडे थोडा थोडा आत वळवत न्या. खुर्चीतून त्यात खिडकी किंवा ट्यूब कुठे दिसते, ते कळेल.

चष्मा. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर हे नीट वाचा. त्या काचेत स्क्रीनच्या अंतरासाठीची पट्टी अरुंद असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना अक्षरं धूसर होतात. म्हणून कडेचं वाचायला मान वळवावीच लागते, स्क्रीन कर्व्ह्ड असो वा फ्लॅट. अशांनी रुंदी भागिले अंतर १ च्या आसपासच ठेवावं, किंवा फक्त संगणकासाठी वेगळा चष्मा करून घेण्याबद्दल डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोलावं. जाताना टप्पा २ चं अंतर लिहून न्या. चष्म्याचा नंबर त्या अंतरासाठीच काढून मिळतो.

## एक पूर्ण उदाहरण

माझ्या वहिनी घरून हिशोबाचं काम करतात. एका बाजूला टॅली, दुसऱ्या बाजूला एक्सेल, दिवसाचे सात-आठ तास. सुताराकडून करून घेतलेलं प्लायचं टेबल : १२० सेंमी रुंद, ६० खोल, भिंतीला टेकवलेलं. दुकानात त्यांना ३४ इंची, १५००आर मॉनिटर सुचवला होता.

टप्पा १ : डोळे कडेच्या ८ सेंमी मागे. टप्पा २ : त्या मॉनिटरच्या स्टँडवर स्क्रीनचा मध्य मागच्या कडेपासून २२ सेंमी पुढे येणार होता. केबल स्टँडच्या आतून जाते, म्हणून वेगळी जागा धरली नाही. ६० − २२ + ८ म्हणजे ४६ सेंमी. तपासणीत इथेच अडलं. ५० सुद्धा होत नव्हते. भागाकार तर ८० भागिले ४६, म्हणजे १.७ च्या वर.

"मग २७ इंची घेऊ का?" त्यांनी विचारलं. २७ इंचीच्या स्टँडवर स्क्रीन १८ सेंमी पुढे येत होती. ६० − १८ + ८ म्हणजे ५० सेंमी, आणि भागाकार १.२. चाललं असतं, पण अगदी काठावर.

मग आर्मचा हिशोब मांडला. टेबल भिंतीपासून १० सेंमी पुढे ओढलं, म्हणजे आर्मच्या कोपराला जागा झाली आणि स्क्रीन मागच्या कडेपासून फक्त ३ सेंमी पुढे राहणार. ६० − ३ + ८ म्हणजे ६५ सेंमी. आता २७ इंचीचा भागाकार ०.९२, ३४ इंचीचा १.२३. म्हणजे दोन रास्त पर्याय समोर आले : २७ इंची फ्लॅट किंवा ३४ इंची कर्व्ह्ड. गंमत म्हणजे ६५ सेंमीवर या दोघांच्याही कडा मध्यापेक्षा साधारण साडेसहा सेंमीच लांब पडतात. डोळ्यांच्या जुळवाजुळवीचा ताण दोन्हीकडे सारखा, फरक फक्त मान वळवण्यात.

पुठ्ठ्याने तो फरक दाखवला. वहिनींना प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे. ३४ इंची पुठ्ठ्यावर, वाकवलेला असूनही, डावीकडच्या खात्यातला आकडा उजवीकडच्या तक्त्याशी ताडताना त्यांना दर वेळी मान पूर्ण वळवावी लागत होती. शिवाय बाल्कनी पाठीमागे डावीकडे आहे आणि आरशाच्या चाचणीत ती डाव्या टोकाला लख्ख दिसली. त्यांनी २७ इंची फ्लॅट, आयपीएस, आर्मसह घेतला.

त्यांचं टेबल ७५ सेंमी खोल असतं, चष्मा साधा असता आणि बाल्कनी बाजूला असती, तर उत्तर वेगळं आलं असतं. तिथे स्टँडवरच अंतर ६१ सेंमी येतं, आर्मवर ८०. आर्मवरच्या ३४ इंचीचा भागाकार बरोबर १, आणि पुठ्ठ्यावर तो फ्लॅटही आरामात वाचता आला असता. स्टँडच ठेवायचा असता तर १.३, म्हणजे निःसंशय कर्व्ह्ड.

## टप्पा ८ : मॉनिटर घरी आल्यावर

परत करण्याची मुदत संपायच्या आत हे करून घ्या. खोकं आणि थर्माकोल तोवर टाकू नका.

१. पुन्हा टेप लावा : डोळ्यांपासून स्क्रीनच्या मध्यापर्यंत. टप्पा २ च्या आकड्यापेक्षा पाच सेंमीहून जास्त कमी आलं तर स्टँड किंवा आर्म नीट मागे गेलेला नाही.

२. स्क्रीन खोलीच्या मध्याशी नव्हे, तुमच्या नाकाशी मध्यावर आणा. कर्व्ह्ड स्क्रीनला हे फार महत्त्वाचं आहे. तिच्यासमोर दहा सेंमी बाजूला बसलं की एक कड जवळ येते, दुसरी लांब जाते आणि बाकाचा फायदा जातो. टेबलाखाली ड्रॉवरचं खोकं एका बाजूला असेल तर आपण नकळत दुसऱ्या बाजूला सरकून बसतो, तेही बघा.

३. वरची कड डोळ्यांच्या पातळीला ठेवा आणि स्क्रीन मागे फार कलवू नका. कर्व्ह्ड स्क्रीन कलवली की आडव्या रेघांचा झुकाव बदलतो. एक कोरी एक्सेल फाइल पूर्ण पसरवून तळाच्या ओळी बघा. झुकाव खटकत असेल तर आधी कल थोडा बदला, मग उंची एक-दोन सेंमी बदलून बघा.

४. आर्म लावला असेल तर त्याची वजनाची मर्यादा स्टँड काढल्यानंतरच्या मॉनिटरच्या वजनाशी ताडून बघा. कर्व्ह्ड मॉनिटरचं वजन कडांमुळे पुढे झुकलेलं असतं, म्हणून मर्यादेच्या अगदी काठावरचा आर्म काही दिवसांनी स्वतःहून खाली मान टाकतो. मॉनिटरच्या वरच्या कडेला चिकटपट्टीची खूण करून भिंतीवर तिच्या समोर दुसरी खूण करा. आठवड्याने दोन्ही खुणा जुळत नसतील तर आर्मचा ताणाचा स्क्रू आवळा. तो पूर्ण आवळूनही खूण उतरत राहिली तर आर्म बदलून घ्या.